चेक वटला नाही, हे कसे सांगावे

गिऱ्हाइकाने दिलेला चेक बँकेतून न वटता परत आला की दुकानदाराला दोन गोष्टी कराव्या लागतात. चेक परत आल्याचे कळवायचे आणि तेवढी रक्कम पुन्हा मागायची. ही दोन्ही कामे कशी करावीत याबद्दल बाजारात एक मत पक्के रुजलेले आहे. परत आलेला चेक म्हणजे गिऱ्हाइकाची खोटी नियत, म्हणून पहिला कागदच कडक हवा. नरम लिहिले की गिऱ्हाईक शेफारते, पैसे लांबतात आणि पुढे कोर्टात आपलीच बाजू लुळी पडते. या मताला अनुभवाचा आधार असल्याचे सांगितले जाते. पण बँकेचा रिटर्न मेमो, कायद्याचे कलम आणि वसुलीचा प्रत्यक्ष क्रम यांच्यापुढे ते एकेक करून धरले, तर त्यातला एकही भाग टिकत नाही.

पहिला मुद्दा नियतीचा. चेक परत आल्यावर बँक जो मेमो देते त्यात परतीचे कारण लिहिलेले असते. त्या कारणात गिऱ्हाइकाच्या मनाचा काहीच पत्ता लागत नाही. सही जुळत नाही, अक्षरी आणि अंकी रक्कम वेगळी आहे, तारीख अजून यायची आहे किंवा तीन महिन्यांपेक्षा जुनी झाली आहे, जमा केलेला दुसरा चेक अजून वटलेला नाही, अशा कारणांनी परत येणारे चेक कमी नाहीत. वर्षानुवर्षे सही करणाऱ्या वयस्कर गिऱ्हाइकाची सही बँकेतल्या जुन्या नमुन्याशी जुळत नाही, यात फसवणूक कुठेही नसते. मोठ्या रकमेच्या चेकचा तपशील आधी बँकेला कळवायची ‘पॉझिटिव्ह पे’ ही सोय १ जानेवारी २०२१ पासून आली आणि पाच लाखांवरच्या चेकसाठी ती सक्तीची करण्याची मुभा बँकांना मिळाली. हा तपशील कळवायचा राहून गेल्यामुळे अडकलेला चेकही दुकानदाराला ‘बाउन्स’ म्हणूनच दिसतो.

उरले ते ‘फंड्स इनसफिशियंट’, म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नसणे. कडक लिहिणाऱ्यांना हे कारण दिसले की पुढचे काही पाहावेसे वाटत नाही. पण शिल्लक नव्हती एवढेच त्यातून कळते. का नव्हती, ते कळत नाही. त्याच सकाळी कर्जाचा हप्ता आपोआप वळता झाला असेल, समोरच्या व्यापाऱ्याने दिलेले पैसे आले नसतील किंवा पैसे दुसऱ्याच खात्यात पडून असतील. त्यात अलीकडे एक नवे कारण मिळाले आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने चेकचे क्लिअरिंग दिवसभर सलग सुरू केले. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात भरलेल्या चेकची प्रतिमा लगेच समोरच्या बँकेकडे जाते आणि तिला त्याच संध्याकाळी सातपर्यंत हो किंवा नाही कळवावे लागते. त्याआधी चेक गठ्ठ्याने जात आणि वटायला दोन दिवसांपर्यंत लागत. ‘आज चेक देतो, परवा पैसे भरतो’ या हिशेबावर कितीतरी लहान व्यवहार चालत. हा हिशेब काटेकोर नव्हता, पण दुकानदारालाही तो ठाऊक असायचा आणि चालायचा. आता चेक भरलेल्या दिवशीच शिल्लक लागते. जुन्या सवयीने चेक देणारे गिऱ्हाईक त्यामुळे एका दिवसात ‘बुडवे’ ठरते.

म्हणून पहिल्या कागदात कारणाचा अंदाज बांधणे हीच पहिली चूक. मेमोवर लिहिलेले कारण जसेच्या तसे सांगावे आणि तिथे थांबावे. कडक लिहिणारे दोषाचा अंदाज करतात. सौजन्याने लिहिणारेही पुष्कळदा अंदाजच करतात, फक्त उलट दिशेने. ‘बहुधा आपल्या लक्षातून राहिले असेल’ हे वाक्य वरवर मायेचे वाटते. पण ज्याला पैसे आले नाहीत म्हणून चेक वटला नाही, त्याला हे वाक्य टोमणा वाटते. ज्याची सही जुळली नाही, त्याला ते गैरलागू वाटते. कारण गिऱ्हाइकाने सांगायचे असते. दुकानदाराने ते त्याच्या तोंडी घालायचे नसते.

दुसरा मुद्दा कायद्याचा. नरम लिहिले तर खटल्यात आपली बाजू कमजोर होईल ही भीती इतकी सर्वदूर आहे की पहिल्याच दिवशी वकिलाकडून जळजळीत नोटीस धाडण्याला शहाणपण समजले जाते. प्रत्यक्षात परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ मध्ये नोटिशीसाठी मोजक्याच अटी आहेत. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत, चेक देणाऱ्याकडे, त्या रकमेची लेखी मागणी करायची. ती मागणी मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर गुन्हा पुरा होतो आणि पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करता येते. ही मागणी रागाने लिहिलेली असावी, तिच्यात ‘फसवणूक’ हा शब्द असावा किंवा ती वकिलाच्या लेटरहेडवर असावी, असे कलमात कुठेही म्हटलेले नाही. तीस दिवसांची ही मुदतदेखील पूर्वी पंधराच होती. २००२ च्या दुरुस्तीने ती वाढली.

सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न थेट आला तो १९९९ च्या सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध सॅक्सन्स फार्म्स या खटल्यात. तिथल्या नोटिशीत, अप्रिय कारवाई टाळण्यासाठी कृपया पैशांची व्यवस्था करावी, अशा धाटणीची विनंती होती आणि चेक पुन्हा भरणार असल्याचेही सांगितले होते. उच्च न्यायालयाने त्याला मागणी मानले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. नोटिशीचा ठरावीक नमुना कायद्याने सांगितलेला नाही, रक्कम मागितली आहे एवढे स्पष्ट असले की पुरे, असा त्याचा आशय होता. त्याच निकालात नोटिशीचा हेतूही सांगितला आहे. चेक देणाऱ्याला आपली चूक दुरुस्त करायची संधी मिळावी आणि प्रामाणिक माणसाला संरक्षण मिळावे म्हणून ही पायरी ठेवली आहे. म्हणजे कडक लिहिणारे ज्या कायद्याचा धाक घालतात, तोच कायदा समोरचा प्रामाणिक असू शकतो हे गृहीत धरून चालतो.

आता उलट बाजू पाहता येईल. खटले पडतात ते नोटीस नरम होती म्हणून नाही. रकमेच्या घोळामुळे मात्र ते पडू शकतात, आणि रकमेचा घोळ रागाच्या भरात लिहिलेल्या कागदांत सहज होतो. कलमात मागायची आहे ती चेकची रक्कम. रागावलेला दुकानदार त्यात जुनी उधारी, व्याज, बँकेचा दंड, मनस्तापाची भरपाई असे सगळे घालून एकच आकडा लिहितो. २००० च्या सुमन सेठी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चेकची रक्कम वेगळी दाखवून बाकीच्या मागण्या वेगळ्या मांडल्या असतील तर नोटीस चालते, पण चेकची रक्कम वेगळी न काढता सरसकट मागणी केली तर ती बाद ठरू शकते. २०२५ च्या कावेरी प्लास्टिक्स खटल्यात चेक एक कोटीचा होता आणि नोटिशीत दोन कोटी मागितले गेले होते. टंकलेखनातली चूक होती हे कारण न्यायालयाने ऐकले नाही. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने भक्कम कागद तो, ज्यात विशेषणे कमी आणि आकडे बिनचूक आहेत. सौम्य पत्रात हे सहज साधते, कारण त्यात भरपाईच्या रागाला जागाच नसते.

आरोपाला एक आणखी किंमत आहे आणि ती मोजायला कुणी बसत नाही. परत आलेल्या चेकचा फोटो व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे, ‘याच्यापासून सावध’ असे लिहिणे, गिऱ्हाइकाच्या दुकानात चार लोकांसमोर विषय काढणे, यांनी पैसे येत नाहीत. पण बदनामीची तक्रार मात्र येऊ शकते. भारतीय न्याय संहितेत बदनामीसाठी कलम ३५६ आहे. पैसे मागायला निघालेला माणूस आरोपी म्हणून उभा राहिला तर वसुलीचा विषय बाजूलाच राहतो. म्हणून निरोप द्यायचा तो ज्याच्या खात्याचा चेक आहे त्यालाच. त्याच्या गल्ल्यावरच्या मुलाला नाही, घरी फोन उचलणाऱ्याला नाही आणि ओळखीच्या मध्यस्थालाही नाही.

तिसरा मुद्दा वसुलीचा, आणि बाजारातल्या मताचा खरा जोर इथे आहे. नरम बोललेल्याचे पैसे मागे राहतात, ओरडणाऱ्याचे आधी मिळतात, असे म्हणतात. यात अर्धे सत्य आहे. ज्याचे पैसे देणे पुढे ढकलता येते, त्याचे खरोखरच मागे पडते. पण ढकलता येण्याचे कारण सूर मऊ होता हे नसते. पत्रात तारीख नव्हती, रक्कम नव्हती आणि पैसे कुठे भरायचे ते नव्हते, हे असते. ‘सवडीने बघा’ या दोन शब्दांनी मागणी विरघळते. याउलट आरोपाचे पत्र गिऱ्हाइकाच्या हाती वादाचा मुद्दा देते. ‘पैसे द्या’ याला उत्तर देताना त्याला पैशांबद्दलच बोलावे लागते. ‘तुम्ही फसवलेत’ याला उत्तर देताना तो मालाच्या दर्जाबद्दल, वाढवलेल्या बिलाबद्दल, गेल्या वर्षीच्या खराब लॉटबद्दल बोलू लागतो. रकमेचा प्रश्न मागे पडतो आणि अब्रूचा सुरू होतो. अब्रूसाठी माणूस वकिलाला जेवढे देतो तेवढे मूळ रकमेसाठीही देत नाही.

सौम्य पण ठाम पत्राची ताकद मराठीच्या वाक्यरचनेतच आहे. ‘तुम्ही चेक बाउन्स केलात’ या वाक्यात करणारा माणूस आहे. ‘तुमचा चेक बाउन्स झाला’ यात ‘तुमचा’ या शब्दावर बोट आहे. ‘अमुक तारखेचा, अमुक नंबरचा चेक वटला नाही’ यात माणूसच नाही, फक्त चेक आहे. वटणे हे क्रियापद चेकचे आहे, माणसाचे नाही. ज्या वस्तूबद्दल बोलायचे तीच वाक्याचा कर्ता झाली की आरोप आपोआप गळतो, आणि माहिती एका अक्षराने कमी होत नाही. ‘परत आला’, ‘जमा झाला नाही’, ‘रक्कम येणे आहे’ ही सगळी त्याच कुळातली वाक्ये आहेत.

काही शब्द मात्र टाळावेत. ‘अन्यथा’ हा शब्द पहिल्या पत्रात आला की त्यापुढचे वाक्य कोणतेही असो, ते धमकी म्हणूनच वाचले जाते. ‘तरीही’, ‘अजूनही’, ‘वारंवार’ हे शब्द पूर्वीच्या दोषाची आठवण देतात. पहिल्या वेळेला पूर्वीचा दोष नसतोच. ‘खेदाने कळवावे लागते’ हे सरकारी वाक्य कुणाचाही खेद दाखवत नाही आणि पत्राची सुरुवात उगाच काळी करते. त्याऐवजी सुरुवात सरळ चेकच्या तपशिलाने करावी. माफीही मागू नये. ‘त्रासाबद्दल क्षमस्व’ लिहिणारा दुकानदार आपलेच पैसे मागण्याबद्दल माफी मागत असतो, आणि तेव्हा मागणी हक्काची न राहता उपकाराची होते.

चौथा मुद्दा पहिल्या मताच्या बरोबर उलट टोकाच्या मताचा आहे, पण तेही नुकसान तेच करते. आपलाच माणूस आहे, लिहून कशाला दुखवायचे, फोन केला म्हणजे झाले, असे हे मत. फोन करावा हे खरेच. पहिला निरोप फोनवर देणे माणुसकीचे आहे, कारण कागदावरून कळण्यापेक्षा आवाजातून कळलेले कमी बोचते. पण फोन लेखी मागणी होत नाही. तीस दिवस फोन आणि ‘उद्या देतो’ यांत गेले की त्या परतीवरचा कलम १३८ चा मार्ग बंद होतो. लिहिणे म्हणजे दुखवणे हा समजही चुकीचा आहे. दुखवतो तो शब्द. कागदावर रक्कम, तारीख आणि खाते क्रमांक लिहून मिळाला तर गिऱ्हाइकाची सोयच होते; त्याला तपशील विचारायला पुन्हा फोन करावा लागत नाही.

हे सगळे एका उदाहरणावर नीट दिसते. समजा, नाशिक जिल्ह्यातल्या एका ठिबकच्या दुकानदाराने एका द्राक्ष बागायतदाराला लॅटरल, फिल्टर आणि व्हॉल्व्ह असा माल दिला. बिल ६८,४०० रुपयांचे. बागायतदाराने १० एप्रिल २०२६ तारखेचा चेक दिला. तो शुक्रवार होता. दुकानदाराने सकाळी चेक भरला. संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला, चेक परत. सोमवारी १३ एप्रिलला शाखेतून मेमो हातात पडला. कारण, फंड्स इनसफिशियंट. बँकेने परतीचे शुल्क जीएसटीसह २३६ रुपये कापले.

तीस दिवस कुठून मोजायचे हा पहिला प्रश्न. मेमो १३ तारखेला मिळाला असला तरी मेसेज १० ला आला होता. पुढे वाद नको म्हणून आधीचीच तारीख, म्हणजे १० एप्रिल धरावी. तीस दिवस १० मेला संपतात आणि तो रविवार आहे. दुकानदाराने आपल्या वहीत शुक्रवार, ८ मे ही शेवटची तारीख लिहून ठेवावी. ही तारीख गिऱ्हाइकाला सांगायची नसते. ती दुकानदाराला शांत ठेवण्यासाठी असते. मुदत माहीत असली की पहिल्या दिवशी घाबरून कडक लिहायची गरज उरत नाही.

शुक्रवारी संध्याकाळचा फोन असा असू शकतो.

‘अण्णा, नमस्कार. जरा बोलता येईल का? आजूबाजूला कुणी आहे का?’

‘नाही, बागेत आहे. बोला.’

‘आज भरलेला अडुसष्ट हजार चारशेचा चेक वटला नाही, आत्ता बँकेचा मेसेज आला. तुम्हाला लगेच कळावं म्हणून फोन केला. मेमो सोमवारी मिळेल, तेव्हा कारण सांगतो.’

‘अरे, सकाळीच ट्रॅक्टरचा हप्ता गेला असणार. व्यापाऱ्याचे पैसे यायचेत अजून.’

‘असू द्या. पैसे कसे पाठवायचे ते तुमच्या सोयीनं ठरवा. सोमवारी सगळा तपशील लिहून पाठवतो.’

या बोलण्यात कारण गिऱ्हाइकाने स्वतः सांगितले, दुकानदाराने विचारले नाही. बोलणे एकांतात झाले. पैशांची मागणी झाली, पण ती ‘कसे’ या प्रश्नाच्या रूपात. द्यायचे की नाही हा प्रश्न उघडलाच गेला नाही. ‘काही हरकत नाही’ असेही दुकानदार म्हणाला नाही, कारण हरकत आहे. ‘असू द्या’ हे फक्त कारण ऐकल्याची पोच आहे.

सोमवारचे पत्र चार परिच्छेदांचे पुरे.

‘श्री. … यांस, सप्रेम नमस्कार. आमच्या बिल क्र. … पोटी मिळालेला दि. १० एप्रिल २०२६ चा, क्र. … चा, रु. ६८,४०० चा चेक त्याच दिवशी आमच्या खात्यात भरला होता. तो वटला नाही. बँकेच्या मेमोमध्ये “फंड्स इनसफिशियंट” असे कारण आहे. मेमोची प्रत सोबत जोडली आहे.

चेकची रक्कम रु. ६८,४०० कृपया २५ एप्रिलपर्यंत खालील खात्यात एनईएफटीने जमा करावी किंवा दुकानात रोख न देता डिमांड ड्राफ्टने द्यावी, ही विनंती. खाते क्रमांक, आयएफएससी आणि शाखा खाली दिली आहे.

बँकेने परतीपोटी कापलेले रु. २३६ वेगळे आहेत. ते पुढच्या बिलात घ्यावेत की याच वेळी द्यावेत, हे आपल्या सोयीवर आहे.

यापेक्षा वेगळी काही अडचण असेल तर २५ तारखेपूर्वी कळवावे. पैसे मिळताच पावती देऊन मूळ चेक परत केला जाईल.’

या पत्रात आरोप नाही, पण सैलपणाही नाही. चेकची रक्कम एकटी उभी आहे आणि २३६ रुपये तिच्यात मिसळलेले नाहीत. सुमन सेठी निकालाची अट इथे आपोआप पाळली जाते. तारीख नेमकी आहे. रोख नको म्हटल्याने पुढे ‘मी दिले होते’ असा वाद राहत नाही. मूळ चेक ‘पैसे मिळताच’ परत मिळेल, आधी नाही. शेवटच्या परिच्छेदात गिऱ्हाइकाला बोलायला दार ठेवले आहे, पण त्या दारालाही तारीख आहे. ‘चेक पुन्हा भरू का’ हा पर्यायही देता येतो. चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने असते, त्यामुळे जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तोच चेक पुन्हा भरता येईल. पण गिऱ्हाइकाला न विचारता पुन्हा भरला आणि पुन्हा परत आला, तर त्याच्या खात्यातून दंड दुसऱ्यांदा जातो. न सांगता असे करणे कोणत्याही कडक शब्दापेक्षा जास्त झोंबते.

इथे एक धोका आहे आणि तो सौम्य लिहिणाऱ्यांनी नीट ओळखला पाहिजे. नोटिशीचा ठरावीक नमुना नसल्याने १३ एप्रिलचे हे विनंतीपत्रच कलम १३८ ची नोटीस ठरू शकते. सॅक्सन्स निकालाचा तो दुसरा अर्थ आहे. तसे झाले तर मुदतीचा काळ १३ एप्रिलपासूनच चालू होतो. पत्र त्याच दिवशी हाती दिले असेल तर पंधरा दिवस २८ एप्रिलला संपतात आणि तक्रारीचा महिना २९ एप्रिलला सुरू होऊन २८ मेच्या सुमारास संपतो. दुकानदार मात्र पुढे वकिलाच्या नोटिशीपासून दिवस मोजत बसला तर तो उशिरा पोचेल. यावर उपाय सोपा आहे. २५ एप्रिलपर्यंत पैसे आले नाहीत तर सोमवारी २७ ला पोहोच मिळेल अशा टपालाने रीतसर नोटीस पाठवावी. ती २९ ला मिळाली असे धरले तर तिचे पंधरा दिवस १४ मेला पुरे होतात. मग तक्रार १५ ते २८ मे यांच्या दरम्यान दाखल केली की कोणत्याही पत्राला नोटीस मानले तरी ती मुदतीतच राहते. पहिले पत्र नरम होते म्हणून काही हरवत नाही. फक्त दिवस त्या पत्रापासून मोजावे लागतात. त्यातूनही मुदत चुकलीच, तर चेक मुदतीत असेपर्यंत तो पुन्हा भरून, पुन्हा परत आल्यास नवी नोटीस देता येते. २०१२ च्या एमएसआर लेदर्स निकालाने हा मार्ग मोकळा केला.

२७ एप्रिलच्या नोटिशीलाही आरोपाची गरज नाही. तिच्यात नवीन फक्त तीन गोष्टी येतात. १३ तारखेच्या पत्राचा उल्लेख, कलम १३८ चे नाव आणि पंधरा दिवसांची मुदत. ‘रक्कम पंधरा दिवसांत न मिळाल्यास कलम १३८ प्रमाणे तक्रार करावी लागेल’ हे वाक्य पुढे काय होणार ते सांगते. ‘तुम्ही जाणूनबुजून फसवणूक केली आहे’ हे वाक्य पुढे काहीच घडवत नाही. उलट ते सिद्ध करण्याचे ओझे बोलणाऱ्यावर टाकते. कलम १३८ ला मूळ देणे, चेक, परती आणि मागणी एवढेच पुरते. फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही.

पैसे अर्धेच आले तर काय, हा प्रसंग नेहमीचा. बागायतदाराने २० एप्रिलला तीस हजार पाठवले, बाकी मेमध्ये देतो म्हणाला. रागावलेला दुकानदार ते तीस हजार ‘जुन्या बाकीत’ जमा करतो आणि चेक पूर्ण रकमेसाठी हातात ठेवतो. २०२२ च्या दशरथभाई पटेल निकालानंतर हे महाग पडू शकते. चेक भरण्यापूर्वी रकमेचा काही भाग मिळाला असेल तर कलम ५६ प्रमाणे त्याची नोंद चेकवर करायला हवी. तसे न करता पूर्ण रकमेचा चेक पुन्हा भरला तर तो त्या दिवशीच्या खऱ्या देण्याचा चेक राहत नाही. म्हणून तीस हजारांची पावती त्याच दिवशी द्यावी, तीवर चेकचा क्रमांक लिहावा आणि ३८,४०० रुपये बाकी असल्याचे नमूद करावे. याच पावतीने गिऱ्हाइकाला दोन गोष्टी कळतात. त्याने दिलेले पैसे मोजले गेले, आणि उरलेलेही मोजले जात आहेत.

सौम्य सूर कुठे संपतो, हेही सांगणे भाग आहे. मेमोवर ‘खाते बंद’ असेल, किंवा लागोपाठ तिसरा चेक परत आला असेल, तर फोनची पायरी गाळून थेट नोटीस द्यावी. खाते बंद असणे, सही न जुळणे, पैसे रोखण्याची सूचना दिलेली असणे, ही कारणेदेखील कलम १३८ मध्ये बसू शकतात, हे २०१२ च्या लक्ष्मी डायकेम निकालाने स्पष्ट केले. पण ‘पेमेंट स्टॉप्ड’ दिसले की लगेच बुडवेपणा समजू नये. माल खराब निघाला म्हणून गिऱ्हाइकाने पैसे थांबवले असतील तर वाद मालाचा आहे आणि आधी तोच सोडवावा लागेल. तिथेही पहिले वाक्य तेच राहते: चेक वटला नाही, कारण अमुक लिहिले आहे, आपले म्हणणे कळवावे.

पैसे पूर्ण मिळाल्यावर करायची कामे तीन. रकमेची पावती, मूळ चेक आणि मेमो परत, आणि खातेवहीत चेक परतीची व नव्या पैशांची स्वतंत्र नोंद. चेक परत करताना त्यावर ‘रद्द’ लिहून घ्यावे, म्हणजे तो पुन्हा कुठे फिरत नाही. गिऱ्हाइकाच्या नावापुढे वहीत शेरा लिहायचा असेल तर तो ‘बुडव्या’ असा नको. ‘१० एप्रिलचा चेक परत, २५ ला पूर्ण वसूल’ असा असावा. पुढच्या वेळी उधारी द्यायची की चेकऐवजी आगाऊ एनईएफटी मागायची, हे ठरवायला हा शेरा पुरेसा आहे.